कूलिंग वॉटर पंपाला व्हीएफडी: वर्षाला १ लाख १२ हजार युनिट खरंच वाचतील का?

मेंटेनन्सवाला_कुरकुंभ
आमच्या केमिकल प्लांटमध्ये ३७ किलोवॅटचा कूलिंग वॉटर पंप आहे, पूर्ण वेगाने चालतो. फ्लो २०० घनमीटर ताशी, हेड, म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब, ४० मीटर. पाण्याची संप टाकी जमिनीवर आणि कूलिंग टॉवर गच्चीवर, त्यामुळे पाणी १५ मीटर वर चढवावं लागतं. बॅच कमी असल्या की ऑपरेटर पंपाच्या डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळतो. वर्षातल्या ६००० तासांपैकी साधारण १२०० तास पूर्ण फ्लो, ३००० तास १४० आणि १८०० तास १०० घनमीटर लागतो. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लावला तर वरच्या आकड्याची बचत होईल असं विक्रेत्याने लिहून दिलं आहे. साहेबांपुढे हा आकडा ठेवू का?

ड्राइव्ह_दादा
बिनधास्त ठेवा. पॉवर वेगाच्या घनाने उतरते. फ्लो ७० टक्के म्हणजे पॉवर ३४ टक्के. ड्राइव्हचा खर्च वर्षात निघेल.

सोसायटी_सचिव
आमच्या इमारतीत खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप आहे. त्याला ड्राइव्ह लावून बिल निम्मं होईल का?

पंप_काका
सचिवसाहेब, तुमच्या पंपाला जवळजवळ सगळं काम उंचीचंच आहे. हळू चालवला तरी उंची तेवढीच, फक्त टाकी भरायला वेळ जास्त. ड्राइव्हवर पैसे घालू नका, पंपाची एफिशियन्सी तपासून घ्या.

आता कुरकुंभ. दादांचा घनाचा नियम खरा आहे, पण पाइपचं घर्षण सोडून दुसरं काही नसेल तेव्हाच. तुमच्या ४० पैकी १५ मीटर हेड फ्लो कितीही कमी झाला तरी तसंच राहतं. घर्षणाचे २५ मीटर तेवढे फ्लोच्या वर्गाने उतरतात. म्हणजे १४० ला १५ अधिक १२, साधारण २७ मीटर.

विक्रेत्यानेही हाच घनाचा नियम लावलाय. त्याची दुसरी गफलत अशी की आजचा पंप सतत पूर्ण फ्लोएवढेच ३१.६ किलोवॅट घेतो असं त्याने धरलंय. व्हॉल्व्ह आवळल्यावरही पॉवर थोडी उतरतेच. पूर्ण फ्लोला ४०, १४० ला ४६ आणि शून्याला ५२ मीटरच्या आसपास हेड देणारा पंप धरला, तर मोटरचं इनपुट असं येतं:

१४० ला आज २७.४ किलोवॅट, ड्राइव्हवर १५.९.
१०० ला आज २४.४, ड्राइव्हवर ९.६.
पूर्ण फ्लोला उलट १ किलोवॅट जास्त, कारण ड्राइव्हचा स्वतःचा लॉस.

तासांनी गुणून बेरीज केली की वर्षाला सुमारे ६० हजार युनिट. ८ रुपये दराने ४ लाख ८० हजार. सौदा वाईट नाही, पण सांगितलेल्याच्या निम्मा आहे.

ड्राइव्ह_दादा
काका, पण १०० घनमीटर म्हणजे अर्धा फ्लो, मग ड्राइव्ह ५० वरून २५ हर्ट्झवर, म्हणजे अर्ध्या वेगावर नेला की झालं ना?

पंप_काका
नाही. या पंपाला १५ मीटर चढवायलाच २७ हर्ट्झ लागतात. त्याखाली नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडणारच नाही आणि केसिंगमधलं पाणी आतल्या आत घुसळून तापेल. १०० घनमीटरला ३४ हर्ट्झ येतात. ड्राइव्हमध्ये किमान मर्यादा ३० च्या आसपास ठेवा. आणि डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून हँडल काढून घ्या. ड्राइव्ह बसल्यावरही ऑपरेटर सवयीने तो आवळतात, मग बचत कुठे गेली हे कोणालाच कळत नाही.

मेंटेनन्सवाला_कुरकुंभ
तास मी अँपिअरच्या लॉगबुकवरून काढले आहेत. चालेल?

पंप_काका
अँपिअरवर भरवसा नको. लोड उतरला की पॉवर फॅक्टरही पडतो, त्यामुळे करंट पाहून पॉवर आहे त्यापेक्षा जास्त वाटते. किलोवॅट लॉगर आठवडाभर लावा, सोबत पाइपला बाहेरून बसणारा अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर. उन्हाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा.

एनर्जी_ऑडिटर_ताई
एक विचारते. वेग किती ठेवायचा याचा सिग्नल ड्राइव्हला कुठून देणार? पंपाच्या तोंडाशी प्रेशर ट्रान्समीटर बसवून ४० मीटरच टिकवायला सांगितलं, तर १४० फ्लोला वेग ४७ हर्ट्झच्या खाली येणार नाही आणि बचत साडेअकरा किलोवॅटऐवजी जेमतेम तीन.

मेंटेनन्सवाला_कुरकुंभ
कोटेशनमध्ये नेमकं तेच लिहिलंय! तिसऱ्या मजल्यावरच्या रिअ‍ॅक्टरला प्रेशर कमी पडू नये, असं प्रॉडक्शनचं म्हणणं.

एनर्जी_ऑडिटर_ताई
मग ट्रान्समीटर त्या रिअ‍ॅक्टरपाशी न्या, सेटपॉइंट तिथे लागतो तेवढाच ठेवा.

पंप_काका
ताईंचं बरोबर, पण त्यात एक पेच आहे. बॅच नसलेल्या रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटला थंड पाणी देणारे व्हॉल्व्ह बंद होतात का? होत असतील तर उरलेल्या वाटेतून पाणी ढकलायला हेड जास्त लागेल आणि माझे ६० हजारही खाली येतील.

मेंटेनन्सवाला_कुरकुंभ
काही बंद करतात, काही तसेच उघडे राहतात. शिफ्टवर अवलंबून.

पंप_काका
मग लॉगर लागेपर्यंत साहेबांना आकडा देऊ नका.