नवशिक्यांची बुद्धिबळ स्पर्धा, रविवार १५ मार्च (आणि आजोबांची एक शंका)

प्रेषक: शाळेचा बुद्धिबळ क्लब

मंडळी, नमस्कार.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी, १५ मार्चला, मराठी शाळा सुटली की दुपारी १ ते ४:३० आपल्या क्लबची स्पर्धा आहे. जागा नेहमीचीच, शाळेचा कॅफेटेरिया. ज्यांनी अजून एकही रेटिंगची स्पर्धा खेळलेली नाही अशा मुलांसाठी ती आहे. घोडा अडीच घरं जातो एवढं पक्कं आणि मात ओळखता येते, इतकं पुरे.

गट तीन: ७ वर्षांपर्यंत, ८ ते १० आणि ११ ते १४. वय १५ मार्चला जेवढं भरेल तेवढं धरू. शाळेची इयत्ता मुद्दाम घेतलेली नाही, कारण आपल्याकडे एकाच वर्गात दीड वर्षाचं अंतर असतं.

नाव द्यायचं तर याच पत्राला उत्तर देऊन मुलाचं नाव, जन्मतारीख आणि कुठल्या गोष्टीची ॲलर्जी असेल तर ती कळवा. आमच्याकडून 'मिळालं' असं उत्तर आलं म्हणजे नाव लागलं. ते दोन दिवसांत आलं नाही तर पुन्हा लिहा. फी ५ डॉलर, त्याच दिवशी दारात. शेवटची तारीख ८ मार्च, कारण जोड्या आदल्या आठवड्यात लावून ठेवायच्या आहेत. पट आणि सोंगट्या आमच्या. डबा आणा, पण पटाशेजारी उघडू नका. मागच्या खेपेला एका वजिराला चिवड्याची हळद लागली होती.

क्लबची ताई

*

प्रेषक: सात वर्षांच्या मुलीची आई

ताई, आमची बाई हरली की रडते. पहिलाच डाव हरली तर लगेच घरी यायचं का? मग आजीला सोबत आणू. आणि घड्याळ असणार का? घड्याळ बघितलं की ती पटाकडे बघायचंच सोडते.

*

प्रेषक: शाळेचा बुद्धिबळ क्लब

घरी कोणालाच पाठवत नाही. स्विस पद्धत आहे, म्हणजे प्रत्येकजण चारही फेऱ्या खेळतो. समजा गटात १२ मुलं आहेत. पहिल्या फेरीत ६ डाव होतील. दुसऱ्या फेरीत जिंकलेले जिंकलेल्यांशी आणि हरलेले हरलेल्यांशी. त्यामुळे पहिला डाव गेला तरी पुढचा सामना बहुधा बरोबरीच्या मुलाशी पडतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला रडणं थांबतं. आजीला आणाच, चहा आहे.

मुलांची संख्या विषम झाली तर दर फेरीत एकजण मोकळा राहतो. त्याला त्या फेरीचा पूर्ण गुण मिळतो, पण लहान मुलाला नुसतं बसवलं की तो टेबलाखाली जातो. म्हणून अकरावीतला एक दादा त्याच्याशी मैत्रीचा डाव खेळेल. तो डाव गुणांत धरणार नाही.

सुरुवातीला घड्याळ नाही. डाव २५ मिनिटांच्या पुढे गेला तरच मध्ये घड्याळ ठेवून दोघांना ५-५ मिनिटं देऊ. दहांतले आठ डाव त्याआधीच संपतात. उरलेले बहुतेक असे असतात की एकाकडे वजीर आणि राजा आहेत, समोर एकटा राजा आहे, आणि मात काही होत नाही.

*

प्रेषक: नातवाकडे मुक्कामाला आलेले आजोबा

ताई, नमस्कार. पत्ता मुलाचा आहे, लिहितो मी. नातवाला मीच शिकवलं. तो ९ वर्षांचा. परवा क्लबमध्ये गेला तर पोरं म्हणाली, तुझे नियम चुकीचे आहेत. मी सांगलीकडचा माणूस, आमच्याकडे वाड्यात रोज पट मांडला जायचा. तेव्हा प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. राजाला शह लागलेला नसेल तर एकदा घोड्याची उडी मारता यायची. प्यादं शेवटी पोचलं की ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचेल तेच व्हायचं, आणि दुसरा वजीर तर पहिला मेल्याशिवाय मिळतच नसे. यात चूक काय?

*

प्रेषक: दोन मुलांचा बाबा, स्पर्धांत पंच म्हणून जातो

आजोबा, चूक नाही. तो आपल्याकडचा जुना देशी खेळ आहे, त्याचे गावोगावी वेगवेगळे नियम होते. फक्त इथे आंतरराष्ट्रीय नियम लागतात, आणि नातवाचा घोटाळा तिथे होईल. दोनच गोष्टी त्याच्याकडून घोटून घ्या.

एक, राजाची उडी विसरायची. तिच्या जागी किल्लेकोट आहे: राजा दोन घरं हत्तीकडे सरकतो आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे येतो. राजा किंवा तो हत्ती आधी हललेला नसावा, मध्ये मोहरा नसावा, राजाला त्या वेळी शह नसावा, आणि राजा ज्या घरांवरून जातो व जिथे थांबतो तिथे शत्रूचा मारा नसावा. मुलं हा शेवटचा भाग हमखास विसरतात.

दोन, प्यादं पोचलं की वजीर, हत्ती, उंट, घोडा, जे मागाल ते. पहिला वजीर जिवंत असला तरी दुसरा मिळतो. डब्यात जास्तीचा वजीर नसेल तर मुलं हत्ती उलटा ठेवतात. अमेरिकेच्या नियमांत उलटा हत्ती वजीर धरतात, फिडे या जागतिक संघटनेच्या नियमांत तो हत्तीच राहतो. त्यापेक्षा हात वर करून पंचांना बोलवावं आणि खरा वजीर मागावा.

*

प्रेषक: एक मेंबर

मला ४२ वर्षे झाली, गट कोणता? 🙂 गंमत नाही, मोठ्यांसाठीही करा काहीतरी.

*

प्रेषक: शाळेचा बुद्धिबळ क्लब

तुमचा गट चहाच्या टेबलाजवळ. मोठ्यांचं गणपतीत बघू, मी मंडळाला विचारते.

*

प्रेषक: सात वर्षांच्या मुलीची आई

वजीर आणि राजा असूनही मात होत नाही असं लिहिलंत ना, तेच घरी झालं. ती म्हणते मी जिंकले, तिचा भाऊ म्हणतो बरोबरी. शत्रूचा राजा कोपऱ्यात होता, त्याला कुठे हलताच येत नव्हतं. मग मात नाही?

*

प्रेषक: दोन मुलांचा बाबा

भाऊ बरोबर आहे, जर राजाला त्या क्षणी शह नसेल आणि त्याच्याकडे हलवण्याजोगं दुसरं काही नसेल. ती कोंडी, डाव बरोबरीत. हीच चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून एक खूण सांगतो. एकटा राजा कोपऱ्यात असेल आणि तुमचा वजीर त्याच्यापासून बरोबर घोड्याच्या उडीवर बसला, तर शह लागत नाही आणि राजाची तिन्ही घरं मात्र बंद होतात. कोपऱ्याभोवती अशी घरं दोनच. खेळी राजाची असताना वजीर तिथे ठेवायचा नाही. आधी आपला राजा जवळ आणा आणि मग वजिराने मात करा. घरी पटावर हे मांडून दाखवा, ती दहा मिनिटांत पकडेल.

*

प्रेषक: आठवीतल्या मुलाची आई

आमच्याने मागच्या उन्हाळ्यात एक रेटिंगची स्पर्धा खेळली, चारही डाव हरला. रेटिंग १०० आलं, म्हणजे त्याहून खाली जातच नाही. तो नवशिका नाही का?

*

प्रेषक: दोन मुलांचा बाबा

घ्या त्याला. १०० वर असलेल्या पोराला भिणारं कोण?

*

प्रेषक: शाळेचा बुद्धिबळ क्लब

मला वाटतं नियम लिहिलाय तो लिहिलाय, पण १०० चं पोर परत पाठवणं जिवावर येतं. एकाला घेतलं तर ३५० वालेही विचारतील. शुक्रवारपर्यंत क्लबमधले तिघं बोलून सांगतो.

*

प्रेषक: आजोबा

काल नातवाने किल्लेकोट केला, राजा शहात असताना. मी म्हटलं, पंचकाकांनी काय लिहिलंय? त्याने हत्ती परत ठेवला आणि मला विचारलं, मग तुमची उडी तरी घेऊ? मी घेऊ दिली. रविवारी माझा कापडी पट आणतो. चहाच्या टेबलाजवळच्या गटात मलाही धरा.