मदत हवी आहे: डिस्पॅचची एक नोकरी दोघींत कशी वाटावी?

खानापूरची_लेक
नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागला एका फाउंड्रीत डिस्पॅच बघते. चलन, ई-वे बिल, गाड्या लावणं, पार्ट्यांचे फोन. वेळ दहा ते सहा, मध्ये अर्धा तास जेवण, म्हणजे आठवड्याला ४५ तास. पगार २४,०००. आईच्या आजारपणामुळे पूर्ण वेळ जमेनासं झालंय. इथेच पूर्वी असलेली एक मैत्रीण बाळंतपणानंतर परत येऊ बघतेय, तिलाही अर्धंच काम हवंय.

सोमवार ते बुधवार मी आणि गुरुवार ते शनिवार ती, असा विचार आहे. तिची जाऊ त्याच तीन दिवशी बाळ सांभाळू शकते. मालक तयार आहेत, पण म्हणतात, "काम एकमेकींच्या हातात देण्याचा वेळ तुमचा तुम्ही बघा, त्याचे पैसे नाहीत." हे योग्य आहे का? आणि तो वेळ किती धरावा?

निपाणीचा_नाना
ताई, दिवस वाटू नका, दिवसच अर्धा करा. एकीने दहा ते दोन, दुसरीने दोन ते सहा. दुपारी समोरासमोर बोलणं होतं, काही लटकत नाही. आणि अर्धवेळ माणसाला पीएफ-ईएसआय लागत नाही, मालकाचे पैसे वाचतात. हे त्यांना सांगा, लगेच ऐकतील.

पगारपत्रक_बेळगाव
नाना, दुपारच्या भेटीचं बरोबर, पण पीएफचं उलटं आहे. अर्धवेळ असलं तरी दोन्ही लागू होतात. आज २४,००० वर मालक बहुधा १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे १,८०० भरत असतील. दोघींना १२,००० केले की प्रत्येकी १,४४०, मिळून २,८८०. शिवाय पगार २१,००० च्या खाली आल्याने दोघीही ईएसआयमध्ये येणार. त्यात मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे दोघींचे मिळून ७८०. महिन्याला १,८६० जास्त. पगारवाटणीच्या आधीच त्यांना हे सांगा, नाहीतर पहिल्याच महिन्यात कुरबुर होईल. तुमच्या बाजूनं बघितलं तर आईचे उपचार ईएसआयमध्ये होऊ शकतात, मात्र त्या तुमच्यावर अवलंबून असायला हव्यात.

आता मुख्य प्रश्न. काम हातात देण्याचा वेळ हा कामाचाच वेळ आहे. बुधवारी चार ते सहा तिनं यावं. ताशी हिशेब साधारण १२३ रुपये पडतो, आठवड्याचे दोन तास धरले तर महिन्याला हजार-अकराशे. ते तिच्या पगारात लिहून घ्या.

चंदगडची_ताई
मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. सुट्टी आली की तास बुडतो आणि पैसेही. तुमचंही असंच होणार असेल तर सही करू नका.

खानापूरची_लेक
ताई, माझी कायम नोकरी आहे, पगार महिन्याचाच राहणार. पण सुट्ट्यांचं पत्रात लिहून घेते.
दादा, दोन तासांत नेमकं काय बोलायचं? आणि शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ?

पगारपत्रक_बेळगाव
झालेलं काम संगणकात दिसतंच, त्यावर वेळ घालवू नका. अर्धवट राहिलेलं बोला. समजा बुधवारी पाच वाजता कोल्हापूरच्या मालाचं ई-वे बिल निघालं आणि गाडी आलीच नाही. ते बिल रद्द करायला २४ तासच असतात, म्हणजे गुरुवारी पाचच्या आत तिनं करायला हवं. तोंडी सांगितलेलं गुरुवारच्या गडबडीत निसटतं. वहीत एक ओळ लिहा: बिल नंबर, काय अडलंय, कधीपर्यंत, कोणाला फोन. दोघींना ई-वेचं वेगवेगळं सब-युजर लॉगिन मागून घ्या. एकाच लॉगिनवर चालवलंत तर ओटीपी घरी बसलेलीच्या मोबाईलवर जाईल.

शनिवार-सोमवार हा मोठा खड्डा. तो टाळायचा तर पाळी उलटी फिरवा. या आठवड्यात सोमवार-बुधवार तुम्ही, गुरुवार-शनिवार ती. पुढच्या आठवड्यात सोमवार-बुधवार तीच, मग तुम्ही. शनिवारी थांबलेली सोमवारी तीच बसते, म्हणून हातबदल फक्त बुधवारी होतो. बुधवारचे जादा दोन तासही आळीपाळीनं येतात, पगार सारखा राहतो.

खानापूरची_लेक
युक्ती आवडली हो, पण तिच्या जावेचे दिवस ठरलेले आहेत, फिरती पाळी तिला जमणार नाही. शनिवारी ती वहीत लिहील आणि सोमवारी दहाला मी तिला फोन करीन, तो अर्धा तासही वेळेत धरायला सांगते. अजून एक अडचण, ती कन्नड शाळेतली, मराठी बोलते पण लिहिणं कठीण. मी कन्नड अडखळत वाचते.

निपाणीचा_नाना
बिल नंबर, तारीख, पार्टीचं नाव एवढंच असेल तर इंग्रजी अक्षरांत लिहा, दोघींना वाचता येईल. पीएफचं मला माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलं.

अनगोळकर
एक विचारतो. वर्षाला तीन-तीन दिवसांनी दीडशेच्या आसपास हजेरी भरते. ग्रॅच्युइटीला २४० दिवस धरतात ना?

पगारपत्रक_बेळगाव
नोकरी अखंड आहे, करारच तीन दिवसांचा आहे, असा युक्तिवाद करता येतो. पण वाद निघू शकतो. रोज अर्धा दिवस केला तर हजेरीचा प्रश्नच येत नाही, नानांच्या पर्यायाची ती जमेची बाजू. तीन दिवसच घेणार असाल तर "नोकरी पहिल्या तारखेपासून अखंड धरली जाईल" ही ओळ पत्रात हवी.

खानापूरची_लेक
रोज सहा दिवस खानापूर-बेळगाव करणं आईला सोडून शक्य नाही. कर्नाटकात बायकांना सरकारी बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, पण जाण्यायेण्यातच वेळ जातो. ती ओळ मागते. मालक नाही म्हणाले तर काय करायचं, ते इथेच येऊन विचारीन.