दहावीची श्रेढी : आधी जिना आणि खुर्च्या, की आधी सूत्र?

खडूधारी
दहावीला बीजगणित शिकवतो, तालुक्याच्या गावी. अंकगणिती श्रेढी सुरू केली की पहिले तीन तास मी सूत्र फळ्यावर लिहीतच नाही. एक तास शाळेच्या जिन्यावर, एक नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या रांगांवर, आणि तिसऱ्या तासाला पोरांनीच नियम सांगायचा. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "तीन तासांत माझा सरावसंच संपतो." मला माझंच बरोबर वाटतं, पण समोरची बाजूही ऐकायची आहे.

सूत्रधार
समोरची बाजू मीच. क्लास घेतो, अठरा वर्षं झाली.

गेल्या वर्षीचा एक पेपर सांगतो. नाट्यगृहाचं नेहमीचं गणित : २७ रांगा, पहिलीत २० खुर्च्या, पुढे प्रत्येक रांगेत दोन जास्त, तर १५ व्या रांगेत किती आणि एकूण किती. एका मुलीने समासात २०, २२, २४ असं करत ७२ पर्यंत लिहिलं आणि सगळ्यांची उभी बेरीज मांडली. १५ वी रांग ४८, बरोबर. बेरजेत एक हातचा विसरली. शेवटचे दोन प्रश्न कोरे. शाळेत तिला हा धडा रांगांची चित्रं काढूनच शिकवला होता, मी विचारलं तेव्हा तिनेच सांगितलं.

पोरं "पुढच्यात दोन मिळव" इथेच बसून राहतात. ४० गुणांचा पेपर दोन तासांत सोडवायचा असतो. आधी a + (n − 1)d हातात द्या, वीस गणितं करू द्या, मग दाखवा जिना. तेव्हा तो जिना त्यांना कळतोही लवकर.

मिस्त्री कोल्हापूरकर
जिना मोजायला पोरांना नेताय, तर आधी ठरवा काय मोजताय. रायझर, म्हणजे पायरीची उभी बाजू, की ट्रेड, म्हणजे पाय ठेवायची आडवी जागा? आमच्या साइटवर यावरून दर वेळी वाद. मजल्याची उंची दहा फूट धरली आणि सहा इंची रायझर घेतला तर रायझर बसतात २०. ट्रेड मात्र १९च. कारण शेवटचा पाय तुम्ही पायरीवर ठेवत नाही, स्लॅबवर ठेवता. नवीन पोरगा फरशीची ऑर्डर देताना हमखास २० ट्रेडची देतो आणि एक फरशी उरते.

आणि शाळेचा जिना सरळ हिशोबात येणारच नाही. तळाची फरशी नंतर बसवली असेल तर पहिला रायझर तेवढ्याने कमी भरतो. जिना दुरुस्त करायचा असेल तर फोटो टाका, सांगतो.

खडूधारी
मिस्त्री, जिना दुरुस्त नाही करायचा हो, शिकवायचा आहे. पण तुमची उरलेली फरशी मी उद्या वर्गात नेणार. आणि पहिल्या पायरीचं अगदी खरं बोललात. आमच्याकडे टेप लावला तर वरच्या सगळ्या साधारण १६ सेंमी, सर्वांत खालची १३. पोरं म्हणाली, "सर, ही श्रेढी नाहीच." मग वाद घातला त्यांनी, खालची सोडून दिली तर चालेल का म्हणून.

सूत्रधार, त्या मुलीचं वाईट वाटलं. पण चित्र काढून थांबणं वेगळं. मी दुसऱ्या तासाला एकच अट घालतो : बेरीज करायची नाही. पहिली रांग २०. दुसरी २० + २. तिसरी २० + २ + २. '२४' लिहिलं की खोडायला लावतो. सहाव्या-सातव्या रांगेला पोरं कंटाळतात, आणि तो कंटाळाच मला हवा असतो. कोणीतरी म्हणतं, "सर, दोन किती वेळा ते नुसतं लिहू का?" मग विचारायचं, पंधराव्या रांगेत दोन किती वेळा? निम्मा वर्ग म्हणतो पंधरा. बोटाने मोजलं की चौदा. २० + १४ × २. तो n − 1 त्यांनी स्वतः पकडलेला असतो.

निवृत्त फळा
खडूधारी, ही अट उत्तम आहे. तरी तुमचा क्रम मला चुकीचा वाटतो. जिना पहिला घेऊ नका.

कारण सांगतो. वर्गाला विचारून बघा : दहाव्या रांगेत ३८ खुर्च्या, तर विसाव्या रांगेत किती? काही मुलं ७६ म्हणतील. दहाचं वीस झालं, म्हणजे दुप्पट. खरं उत्तर ५८. ही चूक सूत्र आधी शिकलेल्यांतही सापडते आणि चित्र आधी बघितलेल्यांतही. कुठून येते ते मला फार उशिरा कळलं.

जमिनीपासून सहा-सहा इंचांचा जिना घ्या : ६, १२, १८. दहावी पायरी ६० इंचांवर, विसावी १२० वर. इथे दुप्पट बरोबर येते! पहिलं पद आणि फरक दोन्ही ६ आहेत म्हणून. हा पाढाच आहे, सहाचा. तुम्ही पहिल्याच तासाला मुलांना अशी श्रेढी दिलीत जिथे चुकीचा विचार बरोबर उत्तर देतो. शिवाय इथे n वी पायरी 6n, वजा एक कुठे दिसतच नाही. मग दुसऱ्या दिवशी खुर्च्यांत n − 1 आला की मुलाला वाटतं सर नियम बदलतात.

म्हणून आधी खुर्च्या. पहिली रांग समोर दिसते, तिच्या आधी काही नाही. मग जिना, पण जोत्यावरून निघणारा. जोतं ४५ सेंमी, चढ १६ सेंमी. पहिली पायरी रस्त्यापासून ६१ वर, दुसरी ७७. आता एक मूल लिहील 45 + 16n, दुसरं लिहील 61 + (n − 1)16. दोघंही बरोबर. हे दोघं एकमेकांना पटवून देत नाहीत तोवर सूत्र लिहू नका. पहिल्याने जोत्याला शून्यावी पायरी धरलंय, दुसऱ्याने सुरुवात पहिल्या पायरीपासून केलीय. मिस्त्रींची उरलेली फरशी हीच.

सूत्रधार
हे मान्य, पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. नमुना निवडण्यात शिक्षक चुकला तर पोरगं चुकतं. सूत्रात असली भानगड नाही.

निवृत्त फळा
सूत्रात भानगड नाही, म्हणून चूक दिसत नाही, एवढंच. एका रांगेत बरोबर ६१ खुर्च्या असतील का, हे विचारा. सूत्रवाले n = २१.५ काढतात आणि त्याखाली दोन रेघा मारून मोकळे होतात. खुर्च्या पाहिलेलं पोर म्हणतं, साडेएकविसावी रांग कुठे असते?

गाऊसभक्त
एकूण खुर्च्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? पहिली आणि शेवटची जोडी लावायची, २० + ७२ = ९२. दुसरी आणि शेवटून दुसरी, २२ + ७० = ९२. सगळ्या जोड्या सारख्या. गाऊसने लहानपणी १ ते १०० असंच केलं म्हणतात. सूत्र पाठ करायची गरजच नाही!

खडूधारी
रांगा २७ आहेत भाऊ. तेरा जोड्या लागतात आणि चौदावी रांग एकटी उरते. वर्गात कोणीतरी "साडेतेरा जोड्या" लिहितं, उत्तर बरोबर येतं, पण अर्धी जोडी म्हणजे काय ते कुणालाच सांगता येत नाही.

मी चौकटीच्या वहीचा कागद कापायला देतो. ३, ५, ७, ९, ११ चौकटींच्या पाच रांगा, डावीकडून सरळ. तसाच दुसरा जिना कापायचा, उलटा फिरवून पहिल्याला चिकटवायचा. प्रत्येक रांगेत १४ होतात. रांगा पाचच. १४ × ५ = ७०, त्यातला अर्धा आपला, ३५. रांगा सम असोत की विषम, जोडी लावायची भानगड नाही. मग नाट्यगृह : ९२ × २७ = २४८४, निम्मे १२४२.

निवृत्त फळा
आणि ती एकटी उरलेली चौदावी रांग फेकू नका. तिच्यात २० + १३ × २ = ४६ खुर्च्या. ४६ × २७ = १२४२. भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) श्रेढीव्यवहारात हाच रस्ता सांगितलाय : आधी अंत्यधन, म्हणजे शेवटचं पद, त्यात मुख, म्हणजे पहिलं पद, मिळवून निम्मं केलं की मध्यधन, आणि त्याला पदांच्या संख्येने गुणलं की सर्वधन, म्हणजे एकूण बेरीज. अंत्यधन काढताना त्यांचा शब्द आहे 'व्येकपद', एक वजा केलेलं पद. आपला n − 1. मी हा शब्द फळ्यावर लिहायचो. मुलं एकमेकांना "व्येक केलंस का रे?" विचारायची.

बंड्याची आई
मध्येच विचारते, रागावू नका. आमच्या मुलाला चाचणीत अशाच गणितात कमी गुण मिळाले. त्याने १५ वी रांग २० + १४ × २ असं सरळ लिहिलं, उत्तर ४८ आलं. पण सूत्र लिहिलं नाही, म्हणून एक गुण कापला. तो आता म्हणतो, समजून काय उपयोग. मी त्याला काय सांगू?

सूत्रधार
सांगा की वरती एक ओळ सूत्राची लिही, खाली a, d, n च्या किमती, मग तुझं २० + १४ × २. एवढंच. तपासणाऱ्याच्या हातात गुणदान योजना असते, तो मुलाच्या डोक्यात डोकावू शकत नाही. मी म्हणतो ते हेच.

खडूधारी
बाई, मुलाला समजलंय हे पक्कं. सूत्र म्हणजे त्याने जे केलं त्याचंच नाव आहे, हे त्याला दाखवा : २० च्या डोक्यावर a लिहायला लावा, १४ च्या डोक्यावर n − 1, २ च्या डोक्यावर d. माझ्याकडे चौथ्या तासाला हेच होतं. सूत्रधार, तुमची वीस गणितं त्यानंतर.

सूत्रधार
त्यानंतर तास उरले तर! आणि एक राहिलं. परीक्षेत अर्धी गणितं नुसत्या आकड्यांची. −३, −८, −१३ अशी श्रेढी, १९ वं पद काढा. उणे तीन खुर्च्यांची रांग दाखवा बघू. किंवा फरक पाव असेल तर?

मिस्त्री कोल्हापूरकर
बारव बघितली नाही का कधी? पायऱ्या खालीच जातात. जमिनीला शून्य धरा.

खडूधारी
क्या बात है. पहिली पायरी जमिनीखाली ३ वर, पुढची प्रत्येक आणखी ५ ने खाली. १९ वी : −३ + १८ × (−५) = −९३.

सूत्रधार
बारव ठीक. पण a = −३ आणि d = +५ दिलं तर कुठे उतरायचं आणि कुठे चढायचं, यात पोरगं पायऱ्या मोजत बसेल. एका टप्प्यानंतर जिना सोडावाच लागतो, आणि तो टप्पा तुम्ही कोणीच सांगितला नाहीत.

निवृत्त फळा
हा प्रश्न रास्त आहे. मी सोडायचो तो मुलं मोठा आकडा विचारायला लागली की : "हजारावी पायरी किती?" हजार पायऱ्या कोणी काढत नाही. पण वर्गातली दोन-चार मुलं तोपर्यंत पोचतच नाहीत, आणि त्यांच्यासाठी किती थांबायचं हे मला अडतीस वर्षांत ठरवता आलं नाही.

खडूधारी
यंदा क्रम उलटा करून बघतो, खुर्च्या आधी आणि जिना जोत्यावरून. तीनऐवजी दोन तास. दहाव्या रांगेत ३८ तर विसाव्या रांगेत किती, हा प्रश्न दोन्ही तुकड्यांना सूत्राच्या आधी आणि नंतर विचारणार आहे. ७६ किती जण लिहितात ते इथे टाकतो. सूत्रधार, तुमच्या क्लासमध्येही विचारून बघा की.

सूत्रधार
विचारतो. सोमवारी बॅच आहे.