आखातातून परतल्यावर नोकरी शोधताना आलेले अनुभव

काल भाच्याने दोह्याहून त्याचा बायोडाटा नजरेखालून घालायला पाठवला आणि त्यातली 'सी 32/40' ही काँक्रीटची ग्रेड पाहताच मला पुण्यातली माझी पहिली मुलाखत आठवली. कतारमध्ये 11 वर्षे साइट इंजिनिअर म्हणून काम करून मी परतलो होतो. समोरच्या ज्येष्ठ अभियंत्यांनी नेमक्या त्याच आकड्यावर बोट ठेवून विचारले, "आमच्या कॉलमना एम 40 लागते, तुम्ही 32 च्या वर गेलेलाच नाहीत का?" वास्तविक ते काँक्रीट एम 40 च्या तोडीचेच होते, कारण त्यातला पहिला आकडा चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या सिलिंडरच्या ताकदीचा असतो आणि दुसरा क्यूबच्या, तर आपली एम ग्रेड 28 दिवसांच्या 150 मिमी क्यूबवरूनच ठरते. हे मला पाठ असूनही मी गडबडून "तिकडे ब्रिटिश कोड होता" एवढेच म्हणालो, आणि ती नोकरी गेली. त्या रात्री मी प्रत्येक प्रकल्पापुढे एम ग्रेड लिहून काढली. आपापले अनुभव जरूर लिहावेत.

वाळूघड्याळ: म्हणजे परदेशी ग्रेड दिसली की मोठा आकडा उचलावा आणि त्यामागे एम लावावा, इतके हे सोपे आहे तर!

जुना ठेकेदार: इतके सोपे नाही. अमेरिकन कोडवर चाललेल्या कामात बहुधा एकच आकडा दिलेला असतो आणि तो सिलिंडरचा असतो. तिथल्या 30 मेगापास्कलला एम 30 लिहिलेत, तर तुम्ही स्वतःलाच कमी लेखता, साधारण 0.8 ने भागल्यास ते एम 37 च्या आसपास जाते. मी उमेदवार निवडायला बसतो तेव्हा आधी कोड कोणता होता ते विचारतो.

मस्कतकर: मी हिशेबनीस असल्यामुळे काँक्रीटबद्दल काही बोलू शकत नाही. माझी गाडी 'सध्याचा सीटीसी' या रकान्यापाशी अडली. मी रियालचे सरळ रुपये करून, घरभाडे आणि विमानाचे तिकीटही त्यात धरून आकडा भरला, आणि दोन महिने एकही फोन आला नाही. नंतर फक्त मूळ पगार लिहिला, तेव्हा फोन आले, पण ऑफरही त्याच आकड्याला धरून आली. नेमके काय लिहावे, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

सुगरण_अबुधाबी: आमच्या 'ह्यांची' जुनी कंपनीच बंद पडल्यामुळे अनुभवाची पडताळणी कोणाकडे करायची, असा पेच होता. शेवटी पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेले बँकेचे उतारे आणि पासपोर्टवरील व्हिसाची पाने दिल्यावर एचआरने ते मान्य केले. तिकडचे खाते बंद करण्याआधी उतारे काढून ठेवले होते, म्हणून निभावले.

नवशिका_सांगली: मी पुढच्या महिन्यात दोह्याला निघालो आहे. माझ्या बायोडाट्यातल्या एम 40 चे काय करू?

जुना ठेकेदार: सी 32/40 लिहा, आणि परत याल तेव्हा पुन्हा खोडा.