निकालाआधी ऑप्शनचे भाव मुद्दाम फुगवले जातात का? (चर्चा)

केदार_माहीम
शेअर आठवडाभर 1500 ला चिकटून आहे. तरी 1500 च्या स्ट्राइकची आयव्ही मागच्या आठवड्यात 34 होती ती आज 41 दिसतेय. निकाल आज बाजार बंद झाल्यावर आहे, एक्स्पायरीला पाच सत्रं उरलीत. शेअर हलत नाही आणि आयव्ही चढते म्हणजे मोठे रायटर निकालाआधी भाव चढवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी हवा काढून घेतात, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी आकडे घेऊन बोलावं.

फोर्टचा_रायटर
चढवतं कोणी नाही, लोक स्वतःच चढवतात. निकाल जवळ आला की जो तो कॉल-पुट घ्यायला धावतो, विकणारे तेवढे नसतात, मग भाव वर जातो. दुसऱ्या दिवशी सगळे एकदम बाहेर पडतात आणि आयव्ही कोसळते. सरळ मागणी-पुरवठा आहे. म्हणूनच निकालाच्या दिवशी तीन वाजता विकायचं आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला उचलायचं.

विभावरी_मुलुंड
केदार, एक विचारते. आयव्हीचे टक्के बाजूला ठेवा. 1500 चा कॉल आणि पुट मिळून मागच्या आठवड्यात किती रुपयांना मिळत होते, आणि आज किती?

केदार_माहीम
मागच्या आठवड्यात दहा सत्रं शिल्लक असताना दोन्ही मिळून 81. आज साधारण 70.

विभावरी_मुलुंड
मग भाव फुगला कुठे? तो 11 रुपयांनी उतरलाय. चढलाय तो फक्त टक्क्याचा आकडा, आणि तो चढायला कोणी रायटर लागत नाही.

समजा हा शेअर साध्या दिवशी साधारण दीड टक्का हलतो आणि निकालाच्या दिवशी बाजाराला पाच टक्क्यांची अपेक्षा आहे. अशा हालचालींची थेट बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. दहा सत्रं शिल्लक असताना त्यातली नऊ साधी आणि एक निकालाचं. नऊ वेळा 2.25 म्हणजे 20.25, त्यात पाचाचा वर्ग 25, एकूण 45.25. दहाने भागलं तर दिवसाला 4.5, त्याचं वर्गमूळ 2.13. वार्षिक करायला 252 सत्रांच्या वर्गमुळाने, म्हणजे 15.9 ने गुणलं की 34 येतात.

आज पाच सत्रं उरली. चार साधी, एक निकालाचं: 9 अधिक 25, एकूण 34. पाचाने भागलं की 6.8, वर्गमूळ 2.61, वार्षिक सुमारे 41. तुम्ही दिलेले दोन्ही आकडे हेच आहेत. मधल्या आठवड्यात निकालाबद्दलची अपेक्षा जराही बदललेली नाही. निकालाचा बोजा तेवढाच राहिला आणि तो वाटून घेणारे दिवस कमी झाले, बस.

रुपयांतही ताळा बसतो. स्ट्रॅडलची किंमत साधारण एकूण हालचालीच्या 0.8 पट असते. 45.25 चं वर्गमूळ 6.73 टक्के, त्याचे 0.8 म्हणजे 5.4 टक्के, 1500 वर 81 रुपये. 34 चं वर्गमूळ 5.83, त्यावरून 70 रुपये.

नाना_गिरगाव
इतकं गणित कशाला? इंडिया व्हिक्स बघा की. गेले चार दिवस तो खालीच चाललाय. व्हिक्स खाली असताना प्रीमियम वर जाऊच शकत नाही, तेव्हा चेनवरचा आकडाच चुकीचा असणार.

विभावरी_मुलुंड
नाना, व्हिक्स निफ्टीच्या ऑप्शनवरून काढतात. एका मिडकॅपच्या निकालाचं त्यात काहीच उमटत नाही, आणि निफ्टीतल्या पन्नास शेअरांचे निकालही वेगवेगळ्या दिवशी येतात. व्हिक्स 12 वर असताना एखाद्या शेअरची आयव्ही 60 असणं यात काही विसंगत नाही.

फोर्टचा_रायटर
ताई, गणित बरोबर, पण ते आदर्श जगातलं. रुपयांतही प्रीमियम वाढलेला मी निकालाआधी कितीदा पाहिलाय. तिथे मागणीशिवाय दुसरं कारण काय?

विभावरी_मुलुंड
तिथे तुमचं अर्धं बरोबर आहे. समजा आज केदारना 70 ऐवजी 80 रुपये दिसले असते. 80 म्हणजे 5.33 टक्के, 0.8 ने भागून 6.67, त्याचा वर्ग 44.4. चार साध्या दिवसांचे 9 वजा केले की उरतात 35.4, आणि त्याचं वर्गमूळ जवळपास 6. म्हणजे आठवड्यात बाजाराने निकालाच्या हालचालीचा अंदाज पाचावरून सहा टक्क्यांवर नेला. ही खरी वाढ. ती मागणीमुळे आली, की त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीचा निकाल धक्का देऊन गेला म्हणून, ते किमतीवरून कळत नाही.

खरी उडी येते ती तारखेने. कंपनी संचालक मंडळाच्या बैठकीची सूचना एक्स्चेंजला देते. तोवर निकाल या एक्स्पायरीच्या आत येणार की नंतर, हे नक्की नसतं. तारीख आत पडली की पाच टक्क्यांचा एक दिवस त्या महिन्याच्या ऑप्शनमध्ये शिरतो आणि प्रीमियम त्याच दिवशी रुपयांत वर जातो. तारीख बाहेर गेली तर उलट, चालू महिन्याचा प्रीमियम उतरतो.

सँडी_बोरिवली
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मागच्या तिमाहीत अशाच 1500 च्या शेअरवर निकालाआधी 1560 चा कॉल 13 रुपयांना घेतला. निकाल चांगला, शेअर 2 टक्के वर उघडला, कॉल मात्र 7 रुपये. ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये बिघाड होता का? तक्रार कुठे करायची?

विभावरी_मुलुंड
सँडी, अ‍ॅप बरोबर होतं. याच उदाहरणात घालून बघा. निकालाआधी पाच सत्रांत शेअर 1500 च्या वर-खाली साधारण 87 रुपये हलेल असं बाजार धरत होता, म्हणून 60 रुपये दूरच्या कॉललाही 13 रुपये मिळत होते. निकालानंतर उरले चार साधे दिवस. त्यात धरलेली हालचाल फक्त 3 टक्के, म्हणजे 46 रुपये. शेअर 1530 ला आला, तरी 1560 अजून 30 रुपये लांब. त्या कॉलची किंमत 7 च्या आसपासच निघते. 500 चा लॉट धरला तर दिशा बरोबर असूनही जवळजवळ 3000 रुपये गेले. 1500 चा कॉल घेतला असता तर 35 चे 37 झाले असते, आणि शेअर एकच टक्का चढला असता तर तोही 27 वर आला असता.

फोर्टचा_रायटर
बघा, म्हणजे मी म्हणतो तेच. घेणारा दिशा बरोबर असूनही हरतो, म्हणून विकायचं. शेअर जागेवर राहिला तर आजचा 70 चा स्ट्रॅडल उद्या 36 ला मिळेल. लॉटला 17,000.

हेमंत_चेंबूर
आणि जागेवर राहिला नाही तर? एचडीएफसी बँकेचा निकाल 16 जानेवारी 2024 ला बाजार बंद झाल्यावर आला आणि 17 तारखेला शेअर आठ टक्क्यांहून जास्त पडला. इतका मोठा, इतका सगळ्यांच्या नजरेखालचा शेअर. केदारच्या शेअरमध्ये आठ टक्के म्हणजे 120 रुपये. 70 ला विकलेला स्ट्रॅडल 120 ला उचलायचा म्हणजे लॉटला 25,000 नुकसान. स्टॉपलॉस लावून उपयोग नाही, कारण भाव 9:15 ला थेट तिथेच उघडतो, मधले भाव येतच नाहीत.

फोर्टचा_रायटर
मी 1400 चा पुट आणि 1600 चा कॉल घेऊन ठेवतो. उघडा कोण विकतं?

हेमंत_चेंबूर
मग 17,000 चा हिशेब तरी उघड्याचा सांगू नका. त्या दोन पंखांना आज मिळून 11 रुपये पडतील आणि उद्या शांत उघडलं तर त्यांची किंमत जवळजवळ शून्य. 34 चा फायदा 23 वर आला. चार पायांचा बिड-आस्क आणि एसटीटी त्यातून वेगळा. मिडकॅपमध्ये लांबच्या स्ट्राइकला बिड 4, आस्क 7 असं सर्रास असतं. साडेनऊला बाहेर पडायला गेलात तर त्या फटीतच अर्धा फायदा जातो.

केदार_माहीम
मान्य, आयव्हीच्या टक्क्यावरून मी चुकीचा निष्कर्ष काढला. पण मूळ शंका पूर्ण गेली नाही. पाच टक्के हा आकडाच मुळात जास्त लावलेला असेल तर? तो बरोबर की फुगवलेला, हे कळायचं कसं?

विभावरी_मुलुंड
आधी चालू महिन्याच्या स्ट्रॅडलवरून वरच्यासारखा निकालाच्या दिवसाचा आकडा काढायचा. साध्या दिवसाची हालचाल घेताना मागच्या निकालाचा दिवस वगळायचा, नाहीतर निकाल दोनदा मोजला जातो. मग त्याच कंपनीच्या मागच्या आठ-दहा निकालांच्या दुसऱ्या दिवशी शेअर बंद भावाला किती टक्के हलला ते लिहायचं, वर-खाली न बघता. पाच टक्के अपेक्षा म्हणजे त्याच 0.8 च्या हिशेबाने सरासरी हालचाल चार टक्के असायला हवी, पाच नव्हे. इथे बरेच जण पाचाची तुलना सरासरीशी करतात आणि ऑप्शन महाग असल्याचं ठरवून मोकळे होतात.

आणि भाव शेवटच्या सौद्याचा घेऊ नका. चेनवरची आयव्ही जुन्या सौद्यावरून निघालेली असू शकते. बिड-आस्कचा मध्य घ्या.

हेमंत_चेंबूर
इथे माझा आक्षेप आहे. आठ-दहा निकालांवरून काय ठरणार? त्यात एकच आठ टक्क्यांचा दिवस असला तर सरासरी बदलते, नसला तर ऑप्शन महाग दिसतात. विकणाऱ्याला जो जास्तीचा पैसा मिळतो तो नेमका न आलेल्या त्या दिवसासाठी असतो. पुढच्या महिन्याच्या ऑप्शनशी तुलना करून बघावं म्हटलं, तर मिडकॅपमध्ये तिथे सौदेच होत नाहीत.

विभावरी_मुलुंड
आठ-दहा निकाल कमी आहेत, खरं. मी त्याच क्षेत्रातल्या पाच-सहा कंपन्यांचे निकाल एकत्र बघते. त्यानेही महाग-स्वस्त असा निर्णय होत नाही, अगदी वेडावाकडा भाव तेवढा उघडा पडतो.

फोर्टचा_रायटर
सरासरीत विकणाराच जिंकतो, यावर मी ठाम आहे.

हेमंत_चेंबूर
किती निकालांच्या सरासरीत, ते सांगा. आणि एक गोष्ट केदारसाठी. स्टॉक ऑप्शनमध्ये सेटलमेंट शेअरच्या डिलिव्हरीने होते. निकालानंतर पाय पैशात आला आणि तो एक्स्पायरीपर्यंत तसाच ठेवला, तर 500 शेअर घ्यावे किंवा द्यावे लागतील, साडेसात लाखांचे. शेवटच्या दिवसांत घेणाऱ्याकडूनही डिलिव्हरी मार्जिन मागतात. पाच सत्रं उरली असताना निकालावर खेळायचं तर बाहेर पडायचा दिवस आधी ठरवा.

सँडी_बोरिवली
म्हणजे तक्रार करायची नाही ना?