मदत हवी आहे: बाळ झाल्यावर रनिंगचा आठवडा कसा बसवायचा?

मुलगी अडीच महिन्यांची, सलग झोप तीन तासांच्या वर नाही. आधी आठवड्याला ४ दिवस उपवनला मिळून ३५ किमी व्हायचं. पहाटे ५ चा अलार्म लावून बघितला, दोन आठवड्यांत बंद पडला. मग मिळेल तेव्हा ३० मिनिटं, पण वेळ कमी म्हणून दरवेळी जोरातच पळत सुटलो, तर सकाळचा पल्स ५४ चा ६३ झाला आणि पोटरी धरली (आता बरी आहे). रविवारी दोन तास गायब होणं शक्य नाही, बायकोचीही झोप तेवढीच. घरी दोन डंबेल आहेत, रेस वगैरे काही नाही, आहे तो स्टॅमिना टिकला तरी बास.

आठवड्याला ३ स्लॉट नक्की मिळतात, कुठल्या दिवशी ते मुलगी ठरवते. त्यातला एक जोराचा ठेवू की तिन्ही हळूच पळू? आणि चार तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर हळू पळायचं की सरळ झोपायचं?