बायनरीत १ मिळवणारं यंत्र शिकवायला कोणतं सॉफ्टवेअर? (खर्च शून्य)

पाटी_पेन्सिल: तिसऱ्या वर्षाला एका तासिकेत हे दाखवायचं आहे. लॅबचे संगणक जुने, इंटरनेट नाही, पैसे अजिबात नाहीत. जेफ्लॅप की ओपनएफएसटी? उजवीकडच्या अंकापासून वाचणारं यंत्र हवंय. 111 दिलं की 000 येतं, पुढचा 1 गायब. तेवढंच अडलंय.

सर्किटवाला: एफपीजीए बोर्ड घ्या. मी घेतलाय, दिवे लागताना पाहिले की मुलं विसरत नाहीत. थोडा खर्च होईल, पण कायमचं काम होतं.

गणपुले_काका: पैसे नाहीत म्हणालेत ना ते! पण उजवीकडूनच का? खरं तर डावीकडून कोणत्याच मर्यादित यंत्राला जमत नाही, हे मुलांना आधी सांगा.

रूळावरची_गाडी: काका, अर्धं बरोबर. 0111 आणि 0110 यांत पहिल्या अंकाचं काय करायचं ते शेवटचा अंक पाहिल्याशिवाय ठरत नाही आणि मधले 1 कितीही असू शकतात. म्हणून एकाच ठरलेल्या वाटेने जाणाऱ्या यंत्राला जमत नाही. अंदाज बांधायची मुभा असलेल्याला जमतं: एखाद्या 0 ला 'यापुढे सगळे 1 च' असं धरून 1 लिहायचा, पुढे 0 दिसला तर ती वाट रद्द.

उजवीकडून दोनच अवस्था पुरतात. हातचा असताना 1 चा 0 करा आणि हातचा ठेवा. 0 आला की 1 लिहा, मग नुसती नक्कल. 11 म्हणजे 1011. उलटं वाचलं तर 1101, लिहिलं जातं 0011, पुन्हा उलटलं की 1100, म्हणजे 12.

तुमचा गायब 1 हा इनपुट संपल्यावर उरलेला हातचा. तो लिहायला ओपनएफएसटीत तिसरी अवस्था द्या. प्रत्येक ओळीत क्रमाने कुठून, कुठे, काय वाचलं, काय लिहिलं; शेवटच्या दोन ओळी अंतिम अवस्थांच्या:

```
0 0 1 0
0 1 0 1
0 2 <eps> 1
1 1 0 0
1 1 1 1
1
2
```

चिन्हांच्या फाइलीत 0 हा क्रमांक `<eps>` या रिकाम्या चिन्हासाठी राखून ठेवा. तो क्रमांक 0 या अंकाला दिलात तर यंत्र त्याला रिकामं समजतं. 11 टाकून पाहा: एकाऐवजी तीन उत्तरं आली, तर गडबड तिथेच.

नवी_मुंबईकर: मी पायथॉनमध्ये एका ओळीत करतो, `n+1`. यंत्र कशाला?

गणपुले_काका: त्यांना यंत्रच शिकवायचंय हो. आणि अंदाज बांधणारं यंत्र मुलांना प्रत्यक्षात दाखवणार कसं, ते अजून कुणी सांगितलं नाही.

सर्किटवाला: बोर्डवर रुंदी ठरलेली असते, 111 चा 000 झाला तर तो ओव्हरफ्लो. प्रश्नच मिटला.

रूळावरची_गाडी: मिटला नाही, रुंदी ठरवून टाळला. यांना 8 हवेत.

पाटी_पेन्सिल: जेफ्लॅपच वापरते. त्याच्या मीली यंत्रात प्रत्येक अंकामागेच आउटपुट मिळतं, संपल्यावर काही लिहिता येत नाही. म्हणून वाचण्याच्या क्रमात शेवटी एक जास्तीचा 0 जोडणार: 1110 चं 0001, उलटलं की 1000. बाण हलताना मुलांना दिसायला हवेत, ओपनएफएसटीत ते दिसत नाहीत.

रूळावरची_गाडी: चालेल. पण 5 दिलं की 0110 येईल, पुढचा 0 कापायचा की ठेवायचा ते आधीच ठरवा.